खान्देशातल्या काळ्या जमिनीत सहा जनावरांचा गोठा: उतार, छप्पर, वारा आणि पाण्याचा निचरा

गोठा बांधायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी आधी पत्रे आणि पाइप यांचे भाव विचारले जातात, आणि जमिनीचा विषय गवंडी येईपर्यंत निघतच नाही. प्रत्यक्षात पाच वर्षांनी गोठा चांगला राहिला की बिघडला हे पत्र्यावरून फारसे ठरत नाही. पायाखाली कोणती माती आहे, फरशीवरचे पाणी कोणत्या बाजूला जाते आणि डिसेंबरमधले ऊन कुठपर्यंत आत येते, या तीन गोष्टींवरून ते ठरते. खान्देशात या तिन्ही गोष्टी कोकणापेक्षा किंवा कोल्हापूरपेक्षा वेगळ्या आहेत. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या काठची खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हिवाळ्यात मात्र काही रात्री तोच पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्यामुळे दुसऱ्या भागातला नकाशा जसाच्या तसा इथे उचलून चालत नाही.

या लेखात एकच उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या काळ्या शेतात एका शेतकऱ्याला चार म्हशी, दोन गाई आणि त्यांची वासरे यांच्यासाठी एका रांगेचा बांधीव गोठा करायचा आहे. कोंबड्यांच्या शेडला दिशा आणि छप्पर यांचे हेच नियम बरेचसे लागू पडतात, पण तिथे जमिनीवर भुसा किंवा तूस कोरडे ठेवायचे असते आणि फरशीला मूत्रनाली लागत नाही. म्हणून तो विषय इथे बाजूला ठेवला आहे.

आधी मोजमाप

एका रांगेच्या गोठ्याची रुंदी पाच पट्ट्यांनी बनते. पुढून मोजत गेल्यास वैरण टाकणाऱ्या माणसाची वाट ३ फूट, गव्हाण अडीच फूट, जनावराने उभे राहायची व बसायची जागा साडेपाच फूट, मूत्रनाली १ फूट आणि मागची वाट ४ फूट लागते. बेरीज १६ फूट होते. लांबीत प्रत्येक मोठ्या जनावराला ४ फूट दिले की सहा जनावरांचे २४ फूट होतात, आणि वासरांच्या कप्प्यासाठी ६ फूट धरले की गोठा ३० फूट लांब व १६ फूट रुंद होतो.

रोजगार हमीतून मिळणाऱ्या गोठ्याचे माप याहून लहान आहे. २०२१ च्या शासन निर्णयात सहा गुरांसाठी ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद गोठा आणि २५० लिटरचे मूत्रसंचय टाके धरलेले आहे. साडेतीन मीटर म्हणजे साधारण साडेअकरा फूट. एवढ्यात गव्हाण, उभी जागा आणि नाली बसते, पण पुढची किंवा मागची वाट पूर्ण बसत नाही. अशा वेळी वैरण बाहेरून टाकायची सोय ठेवावी आणि मागच्या वाटेचा काही भाग छपराबाहेर काढावा. उभ्या जागेची लांबी कमी करून मात्र वाट काढू नये. जागा आखूड पडली की जनावराचे मागचे पाय सतत नालीत राहतात आणि खुरे भिजून मऊ पडतात. उलट जागा साडेसहा-सात फूट ठेवली, तर शेण नालीत पडण्याऐवजी फरशीवर पडते, जनावर त्यातच बसते आणि सड घाण होतात. गाई लहान चणीच्या असतील तर पाच फूट पुरतात. मोठ्या जाफराबादी म्हशींना सहा फूट द्यावे लागतात. दावणीत जनावर सहज उभे करून गव्हाणीच्या भिंतीपासून त्याच्या मागच्या खुरांपर्यंतचे अंतर मोजून घेतले, तर पुस्तकापेक्षा खरे माप हाती येते.

दिशा: लांबी पूर्व-पश्चिम, गव्हाण उत्तरेला

खान्देश साधारण २१ अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो भरदुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त १६ फुटी अरुंद बाजूंवर येते. लांबी दक्षिणोत्तर ठेवली तर तेच ऊन ३० फुटी बाजूवर येते आणि मे महिन्यात दुपारी चारनंतर सबंध दावणच उन्हात सापडते. सतत पाऊस पडणाऱ्या भागात फरशी वाळावी म्हणून काही जण दक्षिणोत्तर गोठा पसंत करतात. धुळे-जळगावकडे पावसापेक्षा ऊन जास्त सोसावे लागत असल्यामुळे इथे पूर्व-पश्चिमच बरोबर.

पुढचा प्रश्न गव्हाण कोणत्या बाजूला घ्यावी हा आहे, आणि तो फारसा विचारला जात नाही. आपल्या उदाहरणात दक्षिणेकडच्या छपराची कड फरशीपासून साधारण ८ फूट उंच येते आणि खांबाच्या बाहेर ती अडीच फुटांहून थोडी जास्त निघते. ४५ अंशांच्या उन्हात ८ फूट उंच कडेची सावली कडेपासून सुमारे ८ फूट आत सुरू होते. त्यातून बाहेर निघालेले छप्पर वजा केले की डिसेंबरच्या दुपारी ऊन खांबापासून आत ५ फुटांपर्यंत पोहोचते. मागची वाट ४ फूट आणि नाली १ फूट मिळून बरोबर ५ फूट होतात. म्हणजे जनावरांची पाठ दक्षिणेला आणि गव्हाण उत्तरेला ठेवली, तर गोठ्याचा सर्वांत ओला पट्टा हिवाळ्यात दुपारच्या उन्हाने वाळतो, आणि सकाळी व तिसऱ्या प्रहरी ऊन आणखी तिरपे असल्यामुळे ते जनावरांच्या अंगावरही येते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे भरदुपारी त्याच बाजूने आत काहीच ऊन येत नाही. पावसाळ्यातला वारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे उडालेले तुषारही मागच्या वाटेवर पडून नालीत जातात आणि गव्हाणीतला कडबा कोरडा राहतो.

पश्चिमेची अरुंद बाजू मात्र बंद केलेली बरी. तिथे ५ फूट भिंत घ्यावी आणि तिच्यावर जाळी ठेवून उन्हाळ्यात गोणपाटाचा किंवा शेडनेटचा पडदा सोडावा. भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर कडुलिंब लावला तर चार-पाच वर्षांत तो उतरत्या उन्हाला अडवू लागतो. याहून जवळ लावू नये, कारण काळ्या जमिनीत झाडाची मुळे पायाजवळचा ओलावा ओढून घेतात आणि तिथली माती आकसून पाया एका बाजूने खाली बसतो.

काळी माती आणि जोत्याची भर

काळी माती ओल पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर सरळ दगड पसरून काँक्रीट ओतले, तर पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात कडेची माती वाळून खाली जाते, फरशीखालची माती मात्र मूत्राच्या व धुण्याच्या ओलीने फुगलेली राहते. परिणामी मध्यभाग वर उचलला जातो, कडा लटकतात आणि लांबीच्या दिशेने तडा जातो. त्या तड्यातून मूत्र खाली मुरते, माती आणखी फुगते आणि नीट काढलेला उतार उलटा होतो. नालीऐवजी गव्हाणीच्या पायथ्याशी पाणी साचू लागले, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

यावर पहिला उपाय जागेच्या निवडीत आहे. शेताच्या एखाद्या कोपऱ्यात बरड किंवा मुरमाड तुकडा असेल, तर तो विहिरीपासून थोडा लांब पडला तरी गोठा तिथेच घ्यावा. पाण्याची पाइपलाइन वाढवणे मुरमाची भर टाकण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. असा तुकडा नसेल, तर गोठ्याच्या चारही बाजूंना २ फूट जास्त धरून, म्हणजे ३४ बाय २० फुटांत, काळी माती २ फूट खोल काढून टाकावी आणि तिच्या जागी मुरूम भरावा. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून दीड फूट वर यायला हवे. वरचे १० इंच दगडी सोलिंग आणि काँक्रीट यांचे सोडले, तरी दाबून बसलेला मुरूम सुमारे १७ ब्रास लागतो, म्हणजे मोकळा मुरूम २० ब्रासच्या वर आणावा लागतो. आकडा मोठा आहे, म्हणून इथेच काटकसर केली जाते आणि पुढे तीच महागात पडते.

मुरूम कसा भरला जातो यालाही महत्त्व आहे. एकदम ट्रॉल्या ओतून वरून पाणी मारले, तर वरचा अर्धा फूटच बसतो. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थर ओला करून धुमसाने किंवा छोट्या रोलरने दाबावा, आणि टाच जोरात मारली तरी खूण उठत नाही असे झाले की पुढचा थर घ्यावा. मुरूम थोडा चिकणसर असावा. निव्वळ गोटे आणि भुरभुरीत मुरूम भरला, तर काळ्या मातीतला तो खड्डा पावसाचे पाणी साठवणारे टाकेच बनतो, कारण खालची आणि बाजूची काळी माती पाणी सोडत नाही. छपराचे पाणी याच खड्ड्यात जाऊ नये, म्हणून जोत्याच्या भोवती ३ फूट रुंदीचा, बाहेर उतरता, दगड-सिमेंटचा पट्टा अवश्य करावा.

खांबांसाठीचे खड्डे भरावाच्या खालपर्यंत जायला हवेत. हलक्या पत्र्याच्या गोठ्याला पाइपचे खांब पुरतात. त्यांचे खड्डे मूळ जमिनीपासून निदान ४ फूट खोल घेऊन तळाशी काँक्रीटचा रुंद पाया द्यावा, कारण वरचे दोन-तीन फूट मातीची हालचाल सर्वांत जास्त असते. पुढेमागे गोठ्यावर स्लॅब घालण्याचा विचार असेल, तर हे पुरत नाही आणि तिथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

दीड इंचाचा हिशेब

उभ्या जागेला गव्हाणीकडून नालीकडे ४० ते ६० फुटांत एक फूट इतका उतार देतात. साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच, म्हणून एकूण उतार १ ते दीड इंच भरतो. आपण दीड इंच धरू. हा आकडा इतका लहान आहे की गवंडी तो नजरेने काढतो, आणि नजर इथे हमखास चुकते. उतार अर्ध्या इंचावर आला की मूत्र नालीपर्यंत न जाता पसरते. तो तीन इंचांवर गेला तर पाणी छान वाहते, पण जनावराचा मागचा भाग दिवसभर खाली राहतो, मागच्या पायांवर भार येतो आणि गाभण म्हशीचे शेवटच्या महिन्यांत मायांग बाहेर येण्याचा धोका वाढतो. जास्त उतार म्हणजे जास्त स्वच्छता हा समज गोठ्यात चालत नाही. मागच्या ४ फुटी वाटेलाही उलट बाजूने, म्हणजे नालीकडे, १ इंच उतार द्यावा.

नालीचा हिशेब थोडा अवघड आहे. नाली ३० फूट लांब आहे आणि तिच्या तळाला ८० फुटांत एक फूट उतार द्यायचा, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार इंच पडतात. सुरुवातीला नाली २ इंच खोल धरली आणि फरशी लांबीत सपाट ठेवली, तर शेवटी तिची खोली साडेसहा इंच होते. इतक्या खोल उघड्या नालीत पाय अडकून जनावर जायबंदी होते. वर झाकण टाकले तर आत शेण साचते आणि झाकण उचलून साफ करायचा कंटाळा येतो. याला उत्तम तोड म्हणजे संपूर्ण फरशीलाच लांबीच्या दिशेने ३ इंच उतार देणे आणि उरलेला दीड इंच नालीच्या खोलीत घेणे. मग नाली सुरुवातीला २ इंच आणि शेवटी साडेतीन इंच खोल राहते, आणि एका जनावराच्या ४ फुटी जागेत लांबीचा उतार अर्ध्या इंचाहूनही कमी येत असल्यामुळे त्याला काही जाणवत नाही. नालीचा तळ चौकोनी न ठेवता गोलसर करावा. गोल तळात खराटा सर्वत्र पोहोचतो, चौकोनी नालीच्या कोपऱ्यात शेवाळ आणि शेण बसून राहते.

लांबीचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे काढावा. पश्चिमेचे टोक उंच, कोरडे आणि भिंतीच्या आडोशाला असते, म्हणून वासरांचा कप्पा तिथे घ्यावा. मोठ्या जनावरांचे मूत्र वासरांच्या पायाखालून कधीच वाहता कामा नये. वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून असल्यामुळे पूर्वेच्या टोकाला बाहेर काढलेल्या मूत्राचा वासही गोठ्यात परत येत नाही. फक्त पूर्वेला राहते घर असेल तर टाके आणखी लांब न्यावे.

या उतारांच्या खुणा काँक्रीटच्या आधी, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने खांबांवर करून घ्याव्यात. गव्हाणीच्या पायथ्याची ओळ, नालीच्या काठाची ओळ आणि नालीच्या तळाची ओळ अशा तीन दोऱ्या बांधल्या की गवंड्याला नजरेवर काम करावे लागत नाही. सहा इंच दगडी सोलिंगवर ४ इंच जाडीचे १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट पुरते. ते ओले असतानाच एक बादली पाणी ओतून पाहण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी ओतावे, पंधरा मिनिटांनी जिथे पाणी थांबलेले दिसेल तिथे खडूने रेघ मारावी आणि तेवढा भाग लगेच दुरुस्त करून घ्यावा. महिन्याभराने केलेली डागडुजी खुरांखाली टिकत नाही.

घोटाई हा आणखी एक वादाचा मुद्दा आहे. गवंड्याला फरशी आरशासारखी करून देण्यात अभिमान वाटतो आणि घरमालकालाही ती छान दिसते. ओल्या शेणावर म्हैस त्याच फरशीवरून घसरते आणि तिचे मागचे पाय फाकतात. काँक्रीट थोडे आवळले की लाकडी थापीने खरबरीत करून, त्यावर बोटाएवढ्या रुंद आणि अर्ध्या इंचाहून कमी खोल अशा खाचा दीड-दोन इंचांच्या अंतराने पाडाव्यात. खाचा उताराच्या दिशेने, म्हणजे नालीकडे जाणाऱ्या असाव्यात. त्या आडव्या पाडल्या तर प्रत्येक खाचेत मूत्र थांबते. मागची वाट आणि बाहेर उतरणारी रपट यांनाही खाचा हव्यात, रपटीवर मात्र आडव्या. दीड फूट जोत्यासाठी रपट किमान १० फूट लांब घ्यावी. मे महिन्यात काम असेल तर काँक्रीटवर ओली पोती पसरून निदान दहा दिवस ते ओले ठेवावे, नाहीतर वरचा थर भुकटीसारखा सुटतो.

नालीच्या टोकाला काय

मोठे जनावर दिवसाला साधारण ८ ते १२ लिटर मूत्र टाकते. सहा जनावरांचे १० लिटरप्रमाणे ६० लिटर झाले, म्हणजे २५० लिटरचे टाके चार दिवसांत भरते. पण गोठा आणि जनावरे धुतली की रोज आणखी २५०-३०० लिटर पाणी त्याच नालीतून येते आणि टाके पहिल्याच दिवशी वाहू लागते. म्हणून नालीच्या टोकाला २ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट खोल असा एक छोटा हौद घ्यावा. त्यात जाळीने शेण अडते, आणि त्यातून दोन ४ इंची पाइप निघतात. एक टाक्याकडे जातो, दुसरा चाऱ्याच्या वाफ्याकडे. धुताना टाक्याच्या पाइपला बूच लावायचे आणि धुणे संपले की ते बूच वाफ्याच्या पाइपला लावायचे. पाइपला काटकोनातले वळण देऊ नये, कारण चोंदण तिथेच होते आणि आत काठी जात नाही.

धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. मुरमाड जमिनीत तो ठीक आहे. खोल काळ्या मातीत मात्र एकदा ओल धरली की पाणी मुरण्याचा वेग अगदी कमी होतो, त्यात शेणाचा गाळ भिंतीवर बसतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबून माश्या-डास होतात. त्यापेक्षा दोन-तीन गुंठे संकरित नेपियर लावून पाणी रोज वेगळ्या वाफ्यात फिरवणे चांगले. टाके, हौद आणि वाफा हे तिन्ही विहीर किंवा बोअरपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावेत.

छपरावरचे पाणी या व्यवस्थेत मिसळू देऊ नये. आपल्या गोठ्याचे छप्पर वरून पाहता सुमारे ६७ चौरस मीटर भरते. एका जोराच्या पावसात ५० मिलिमीटर पाणी पडले, तर छपरावरून ३,३०० लिटरहून जास्त पाणी खाली येते. ते मूत्राच्या टाक्यात गेले तर सगळे खत वाहून जाते. जोत्यालगत पडले तर काळी माती फुगते. दोन्ही कडांना पन्हळी लावून हे पाणी वेगळ्या चरातून बाहेर काढावे.

छप्पर आणि वारा

मे महिन्यात दुपारी उघड्या पत्र्याला हात लावता येत नाही. तो तापलेला पत्रा खालच्या जनावराच्या पाठीवर उष्णता फेकत राहतो. सावलीत असूनही म्हैस धापा टाकते ती यामुळे, आणि पंखा लावला तरी ही फेकलेली उष्णता थांबत नाही. छप्पर उंच ठेवणे आणि पत्रा तापूच न देणे हे दोनच खरे उपाय आहेत. खांबांवर उंची ९ फूट आणि मध्ये आढ्याला १२ फूट ठेवली, तर ८ फुटांत ३ फूट चढ येतो. तो पत्र्यासाठी योग्य आहे. दोन्ही बाजूंना ११ फुटी पत्रे मापाने कापून घेतले की खांबाबाहेर अडीच फुटांहून थोडे जास्त छप्पर निघते. याहून जास्त बाहेर काढण्याचा मोह होतो, पण केळीचे बाग आडवे करणारी वळवाची वादळे त्याच कडेखाली शिरून पत्रे उचलतात. कडेच्या पत्र्यांना जे-हुक दुप्पट लावावेत आणि कैच्या खांबांना वेल्डिंगने पक्क्या कराव्यात.

पत्र्यावर वरून पांढरा चुना देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस दिलेला चुना पहिल्या पावसापर्यंत टिकतो, पुढच्या वर्षी तो पुन्हा द्यावा लागतो. तुराट्या किंवा पाचट यांचा सहा इंची थर पत्र्यावर पसरून तारेने बांधला तर फरक आणखी जाणवतो, मात्र विजेची वायर त्या थराच्या आसपास असता कामा नये आणि थर पावसाळ्याआधी उतरवावा. तो कुजू लागला की पत्रा गंजतो.

गरम दमट हवा वर चढते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती पत्र्याखालीच कोंडून राहते. दोन उतार जिथे मिळतात तिथे आढ्यावर ९ इंचांची फट ठेवून, तिच्या वर सहा इंच उचललेला २ फूट रुंद टोप बसवला की ही हवा दिवसरात्र बाहेर जाते आणि पाऊसही सहसा आत येत नाही. टोप थेट पत्र्यावर टेकवून फट बंद करणारे गोठे पुष्कळ दिसतात. फॅब्रिकेटरला आधीच चित्र काढून दिले नाही, तर तो सवयीने तसेच करतो.

उत्तर आणि दक्षिण या दोन्ही लांब बाजू उघड्या ठेवाव्यात. चोरीची आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे बिबट्याची भीती खरी आहे. पण त्यावर सात फुटी भिंत हे उत्तर नाही, कारण भिंतीमुळे बसलेल्या जनावराच्या नाकापर्यंत वाराच पोहोचत नाही. तिथे जाड तारेची जाळी लावावी. हिवाळ्याच्या थंड रात्री उत्तरेला गोणपाट सोडावे, ते वरून एक-दीड फूट मोकळे ठेवून. सगळे बंद केले की ऊब मिळते, पण ओलावा आणि अमोनियाही आतच राहतो.

वारा पुरेसा आहे की नाही हे उभ्या माणसाला कळत नाही. पहाटे, गोठा झाडण्यापूर्वी, बसलेल्या जनावराच्या शेजारी उकिडवे बसून चार-पाच श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले किंवा घशात खवखवले, तर अमोनिया जास्त आहे आणि आधी नाली, मग वाऱ्याची वाट तपासावी. हिवाळ्यात सकाळी पत्र्याच्या खालच्या बाजूला थेंब धरलेले दिसले, तर आढ्याची फट कमी पडते आहे असे समजावे. जनावरे रात्री बराच वेळ उभीच राहत असतील तर फरशी ओली किंवा निसरडी आहे का ते पाहावे. सगळ्यांची मागची बाजू आणि शेपटीचा गोंडा शेणाने माखलेला असेल तर उभी जागा लांब पडते आहे किंवा उतार कमी आहे, आणि एकाच जनावराची माखलेली असेल तर त्याच्या जागेपुरती फरशी दबली आहे. तेवढा चौकोन फोडून, खालचा मुरूम पुन्हा दाबून, आजूबाजूच्या उताराला जुळवून नवे काँक्रीट घालता येते. ही दुरुस्ती एप्रिलमध्ये करावी, म्हणजे पावसाआधी ती पक्की होते.